मूळ सूचना आणि ग्राहकाची मागणी: मांडणीच्या वादात चॅटबॉट कोणाचे ऐकतो?

चॅटबॉटला विचारलेला प्रश्न त्याच्यापर्यंत एकटा पोहोचत नाही. बँकेच्या, दुकानाच्या किंवा विमा कंपनीच्या संकेतस्थळावर कोपऱ्यात उघडणाऱ्या खिडकीत ग्राहक एक ओळ टाइप करतो. भाषा-मॉडेलला मात्र त्या ओळीच्या आधी आणखी एक मजकूर दिलेला असतो. ज्या संस्थेने ती सेवा उभी केली तिने तो लिहून ठेवलेला असतो आणि ग्राहकाला तो बहुधा दिसत नाही. या मजकुराला सिस्टीम प्रॉम्प्ट म्हणतात. सोयीसाठी येथे त्याला ‘मूळ सूचना’ म्हटले आहे. बॉटने कोणत्या विषयावर बोलायचे, कोणत्या भाषेत बोलायचे, उत्तर किती लांब द्यायचे, अशा गोष्टी त्यात असतात. उत्तराची मांडणी कशी असावी, हेही त्यातच सांगितलेले असते: परिच्छेद की यादी, ठळक अक्षरे की साधी, तक्ता चालेल की नाही.

अडचण येते ती ग्राहकाची मागणी या सूचनेशी जुळत नाही तेव्हा. मूळ सूचना म्हणते, ‘साध्या मजकुरात उत्तर द्या.’ ग्राहक लिहितो, ‘तक्त्यात द्या.’ दोन्ही वाक्ये स्पष्ट आहेत, दोन्ही आज्ञार्थी आहेत आणि एकाच वेळी दोन्ही पाळता येत नाहीत.

यावर पहिले उत्तर सुचते ते अधिकाराच्या उतरंडीचे. ओपनएआय या कंपनीने मे २०२४ मध्ये आपल्या मॉडेलांनी कसे वागावे याचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात अशी उतरंड दिली होती. सर्वांत वर खुद्द कंपनीचे नियम, त्याखाली सेवा बांधणारा विकासक, त्याखाली वापरणारा आणि सर्वांत खाली बाहेरून आलेला मजकूर, उदाहरणार्थ मॉडेलने उघडून वाचलेले एखादे वेबपान. अँथ्रॉपिक कंपनीच्या मार्गदर्शनातही मांडणी साधारण अशीच आहे. सेवा चालवणाऱ्याला तेथे ‘ऑपरेटर’ म्हणतात आणि त्याच्या शब्दाला ग्राहकापेक्षा अधिक वजन दिले जाते. या क्रमाने पाहिले तर मूळ सूचना नेहमीच जिंकायला हवी.

प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि व्हावे असा या नियमांचा हेतूही नाही. उतरंड खऱ्या अर्थाने कामाला येते ती ग्राहक सेवेच्या मर्यादा मोडू पाहतो तेव्हा. फक्त ठेवींविषयी बोलणाऱ्या बॉटला कोणी भलत्याच कामाला लावू पाहिले, तर वरच्याचा शब्द पाळायचा. मांडणीची बाब वेगळी आहे. सेवा चालवणाऱ्याने मांडणीविषयी लिहिलेली बहुतेक वाक्ये ही ग्राहकाने काहीच सांगितले नाही तर काय करायचे, याची सोय असते. म्हणून वाक्य कोणाचे आहे हे पाहण्याबरोबरच ते कशासाठी लिहिले आहे, हेही पाहावे लागते. ती आवड आहे की अट? आवड असेल तर ग्राहकाची नेमकी मागणी वरचढ ठरते. अट असेल तर मूळ सूचना टिकते आणि ग्राहकाची गरज दुसऱ्या रूपात भागवावी लागते.

हा फरक मुळात का पडतो, हे कळण्यासाठी मॉडेल ‘तक्ता’ कसा बनवते ते पाहावे लागते. मॉडेल रेघा ओढत नाही आणि अक्षरे जाड करत नाही. ते फक्त मजकूर लिहिते. मांडणी दाखवण्यासाठी ते मार्कडाउन नावाची चिन्हपद्धत वापरते. ती जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये तयार केली, तेव्हा वेबसाठी लिहिणे सोपे व्हावे एवढाच तिचा उद्देश होता. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे म्हणजे ठळक अक्षर, ओळीच्या सुरुवातीला `#` म्हणजे शीर्षक आणि उभ्या दांड्या म्हणजे तक्त्याचे रकाने. मॉडेलने लिहिलेला तक्ता मुळात असा असतो:

```
| मुदत | व्याजदर | किमान रक्कम |
|---|---|---|
| ६ महिने | ६ टक्के | ५,००० |
| १२ महिने | ७ टक्के | ५,००० |
| २४ महिने | साडेसात टक्के | १०,००० |
```

ही चिन्हे ओळखणारी खिडकी असेल तर ग्राहकाला नीट आखलेला तक्ता दिसतो. नसेल तर हाच दांड्या-रेघांचा गुंता जसाच्या तसा दिसतो. मॉडेलला पडदा दिसत नाही. आपले उत्तर वेबपानावर उमटणार, व्हॉट्सअॅपवर जाणार की यंत्राच्या आवाजात वाचून दाखवले जाणार, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. व्हॉट्सअॅपचेच पाहा. तेथे ठळक अक्षरासाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेकच तारा लागतो आणि मार्कडाउनचा तक्ता तेथे तक्ता म्हणून उमटत नाही. मूळ सूचनेतील मांडणीचे वाक्य हे अनेकदा त्या न दिसणाऱ्या पडद्याबद्दलची एकमेव माहिती असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका पतसंस्थेने ठेवींची माहिती देणारा बॉट सुरू केला आहे. ग्राहक विचारतो, ‘सहा, बारा आणि चोवीस महिन्यांच्या ठेवींचे दर आणि किमान रक्कम तक्त्यात द्या.’ आकडे वरच्या तक्त्यातलेच, तेही उदाहरणापुरते. ग्राहकाचा संदेश कायम ठेवून मूळ सूचना तेवढी बदलली की उत्तर कसे बदलते, ते पाहण्यासारखे आहे.

पहिल्या प्रकारात मूळ सूचना अशी: ‘उत्तरे थोडक्यात आणि शक्यतो परिच्छेदात द्या, यादी-तक्ते टाळा.’ ‘शक्यतो’ हा शब्दच सांगतो की ही आवड आहे. संस्थेला सुटसुटीत, बोलल्यासारखी उत्तरे हवी आहेत. पडद्याची कोणतीही अडचण तिने सांगितलेली नाही. ग्राहकाने मात्र तक्त्याचे नाव घेऊन तो मागितला आहे, आणि तीन मुदतींची दोन-दोन बाबींत तुलना तक्त्यातच नीट दिसते. येथे तक्ता द्यावा. संस्थेची आवड तरीही पूर्ण बाजूला पडत नाही: तक्त्याच्या आधी-नंतर लांबलचक मजकूर नको, शीर्षके नकोत आणि पुढच्या साध्या प्रश्नाला उत्तर पुन्हा परिच्छेदातच द्यायचे. ग्राहकाने तक्ता एका तुलनेसाठी मागितला आहे, सगळ्या संभाषणासाठी नाही.

दुसऱ्या प्रकारात मूळ सूचना अशी: ‘फक्त साधा मजकूर. आमची खिडकी मार्कडाउन दाखवू शकत नाही.’ ही अट आहे. तक्ता दिला तर ग्राहकाला तो मिळणारच नाही, दांड्या मिळतील. म्हणजे येथे ग्राहकाचे शब्द पाळणे हेच ग्राहकाच्या विरोधात जाते. त्याला हवी आहे तुलना, आणि तुलना वाक्यांतही करता येते. प्रत्येक मुदत वेगळ्या ओळीत, माहितीचा क्रम प्रत्येक ओळीत तोच:

```
६ महिने: ६ टक्के, किमान ५,००० रुपये.
१२ महिने: ७ टक्के, किमान ५,००० रुपये.
२४ महिने: साडेसात टक्के, किमान १०,००० रुपये.
```

यात एकही खास चिन्ह नाही, तरी डोळा वरून खाली फिरवला की दर समजतात. याआधी एक छोटे वाक्य हवे: ‘या खिडकीत तक्ता नीट दिसत नाही, म्हणून ओळींत देत आहे.’ ते वगळले तर बॉटने मागणी वाचलीच नाही, असे ग्राहकाला वाटते आणि तो तीच मागणी पुन्हा करतो. त्याउलट या एका वाक्याचे चार ओळींचे माफीपत्र होण्याचीही गरज नाही.

तिसऱ्या प्रकारात अट आणखी कडक होते. हीच सेवा एसएमएसवर चालते आणि मूळ सूचना म्हणते, ‘उत्तर दोन एसएमएसमध्ये बसले पाहिजे.’ येथे आकडेमोड करावी लागते. इंग्रजी अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात. देवनागरी मजकूर युनिकोडमध्ये जातो, त्यामुळे एका एसएमएसची मर्यादा ७० वर येते. संदेश एकापेक्षा अधिक तुकड्यांत गेला तर तुकडे जोडण्याची माहितीही काही जागा खाते आणि प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच उरतात. शिवाय देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे मोजली जातात. ‘टक्के’ हा शब्द वाचायला दोन अक्षरांचा, पण मोजायला पाच चिन्हांचा: ट, क, हलन्त, पुन्हा क आणि मात्रा.

वरच्या तीन ओळी या हिशेबाने अनुक्रमे ३६, ३७ आणि ४४ चिन्हांच्या आहेत. दोन ओळबदल धरून एकूण ११९. दोन एसएमएसची मर्यादा १३४ आहे, म्हणजे १५ चिन्हे उरतात. ‘तक्ता नीट दिसत नाही’ हे वाक्य त्यात बसत नाही. म्हणून येथे तेही गाळावे लागते आणि थेट आकडे द्यावे लागतात. अट किती कडक आहे त्यावर सौजन्याचीही जागा ठरते. ग्राहकाने पुढे ‘प्रत्येक मुदतीचे नियमही सविस्तर लिहा’ अशी मागणी केली, तरी दोन एसएमएसची मर्यादा हलत नाही. नियमांतला एखादाच महत्त्वाचा भाग सांगून उरलेल्यासाठी शाखेकडे बोट दाखवावे लागते.

अटींचा आणखी एक प्रकार पडद्याशी संबंधित नसतो. मूळ सूचनेत लिहिलेले असते, ‘दर सांगितल्यावर शेवटी “दर बदलू शकतात” ही ओळ द्या.’ ग्राहक वैतागून लिहितो, ‘खालची ती ओळ प्रत्येक वेळी नको.’ ओळ दाखवायला तांत्रिक अडचण काहीच नाही. पण ती ओळ संस्थेच्या जबाबदारीची आहे. दरावरून वाद झाला तर उत्तर संस्थेला द्यावे लागते. ग्राहकाला ती रद्द करता येत नाही. ती शक्य तितकी लहान ठेवणे एवढेच बॉटच्या हातात असते.

मूळ सूचना पाळायची म्हणजे ती अक्षरशः लागू करायची, असेही नाही. समजा संस्थेने लिहिले आहे, ‘प्रत्येक उत्तर शीर्षक आणि मुद्द्यांच्या यादीत द्या, म्हणजे सगळी उत्तरे एकसारखी दिसतील.’ ग्राहक विचारतो, ‘रविवारी शाखा उघडी असते का?’ उत्तर एका शब्दाचे आहे. त्यावर ‘शाखेच्या वेळा’ असे शीर्षक आणि खाली एकच मुद्दा ठेवला तर नियम पाळला जातो, पण उत्तर हास्यास्पद दिसते. ही सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माहितीपर, लांब उत्तरे होती. अशा ठिकाणी एका वाक्यात ‘नाही, रविवारी शाखा बंद असते’ असे सांगणे सूचनेच्या हेतूला धरून आहे. येथे ग्राहकाने उलटी मागणीसुद्धा केलेली नाही. त्याच्या प्रश्नाच्या आकारानेच मांडणी ठरवली.

उत्तर माणसाऐवजी दुसऱ्या संगणक-प्रोग्रॅमने वाचायचे असेल तेव्हा अट सर्वांत कडक असते. पतसंस्थेच्या बॉटमागे एक प्रोग्रॅम आहे. तो मॉडेलचे उत्तर घेतो, त्यातला मजकूर ग्राहकाला दाखवतो आणि गरज पडली तर संभाषण कर्मचाऱ्याकडे वळवतो. त्यासाठी मूळ सूचना सांगते की उत्तर जेसन या ठरलेल्या साच्यातच हवे. आता ग्राहक लिहितो, ‘कंस, अवतरणचिन्हे काही नको, साध्या भाषेत सांगा.’ मॉडेलने हे शब्दशः ऐकले आणि नुसते वाक्य लिहिले तर प्रोग्रॅमला साचा सापडत नाही आणि ग्राहकाच्या पडद्यावर काहीच येत नाही, किंवा चूक झाल्याचा संदेश येतो. योग्य उत्तर असे:

```
{"answer": "१२ महिन्यांच्या ठेवीवर ७ टक्के व्याज मिळते.", "escalate": false}
```

कंस आहेत, पण ते प्रोग्रॅमसाठी. ग्राहकाला दिसते ते फक्त आतले मराठी वाक्य, आणि ते त्याने मागितले तसे साधेच आहे. वादात वाटणाऱ्या दोन सूचना येथे दोन वेगळ्या थरांवर पाळल्या जातात. ग्राहकाने तीन ओळींत उत्तर मागितले तरी तीच रीत. जेसनच्या अवतरणचिन्हांच्या आत खरा ओळबदल चालत नाही, म्हणून त्या जागी `\n` लिहावे लागते आणि ते ओळबदल म्हणून दाखवणे प्रोग्रॅमचे काम असते.

या प्रकारातले बिघाड ओळखू येण्यासारखे असतात. मॉडेल साच्याच्या आधी ‘जरूर, ही माहिती घ्या’ असे सौजन्याचे वाक्य लिहिते आणि पहिलेच चिन्ह महिरपी कंस नसल्यामुळे प्रोग्रॅम अडतो. किंवा साच्याभोवती मार्कडाउनची तीन उलटी अवतरणचिन्हे येतात, कारण मॉडेलला कोड तसा दाखवण्याची सवय असते. म्हणून जेथे साचा चुकून चालणारच नाही, तेथे निर्णय मॉडेलच्या समजुतीवर सोडत नाहीत. ओपनएआयने ऑगस्ट २०२४ मध्ये अशी सोय दिली की मॉडेल पुढचा शब्द-तुकडा निवडत असतानाच साच्यात न बसणारे तुकडे बाद होतात. अशा व्यवस्थेत ग्राहकाने काहीही लिहिले तरी साचा मोडत नाही, कारण वाद मॉडेलपर्यंत पोहोचण्याआधीच मिटलेला असतो.

इतर सर्व ठिकाणी मात्र हे लक्षात घ्यावे लागते की ‘अट टिकते, आवड वाकते’ हा मॉडेलमध्ये लिहिलेला कोड नाही. प्रशिक्षणातून लागलेले ते वळण आहे. त्यामुळे तेच मॉडेल तोच पेच एकदा बरोबर सोडवते आणि एकदा चुकवते. सर्वांत जास्त आढळणारी चूक वादाच्या क्षणी होत नाही, थोड्या वेळाने होते. ग्राहक सांगतो, ‘मुद्द्यांची यादी नको, सलग लिहा.’ पुढची दोन उत्तरे सलग येतात. मग एखादा प्रश्न असा येतो की त्याच्या उत्तरात चार समान बाबी आहेत, आणि यादी परत येते. ग्राहकाने आपली सूचना मागे घेतलेली नसते. एकाच व्यक्तीच्या दोन सूचनांत नंतरची आणि अधिक नेमकी सूचना लागू होते, हे खरे. पण नंतर दुसरी सूचना आलीच नसेल तर आधीची चालूच राहते. नवा प्रश्न ही नवी सूचना नसते.

उलट दिशेची चूकही होते. एका तुलनेपुरता मागितलेला तक्ता पुढच्या प्रत्येक उत्तरात येऊ लागतो. मॉडेल पुढचे उत्तर लिहिताना आधीचे सगळे संभाषण वाचते आणि आपलीच आधीची उत्तरे त्याला नमुन्यासारखी वाटतात. म्हणून एकदा घसरलेली मांडणी बहुधा तशीच पुढे चालू राहते.

तिसरी चूक अधिकाराच्या गोंधळातून होते. ग्राहक एखादे पत्र चिकटवतो आणि म्हणतो, ‘याचा सारांश द्या.’ पत्रात कोठेतरी लिहिलेले असते, ‘उत्तर ठळक अक्षरांत पाठवावे.’ हे वाक्य ग्राहकाच्या संदेशात आले असले तरी ते ग्राहकाचे नाही. ते पत्राच्या मजकुराचा भाग आहे. उतरंडीत अशा बाहेरच्या मजकुराला सर्वांत खालची जागा दिली आहे ती याचसाठी. सारांशात त्याचा उल्लेख येऊ शकतो, पण उत्तराची मांडणी त्यावरून ठरत नाही.

सेवा चालवणाऱ्याला या चुका आधी पकडता येतात. मूळ सूचना तीच ठेवून तिला छेद देणारा संदेश वीस वेळा पाठवायचा आणि किती वेळा अट मोडली ते मोजायचे. मग ग्राहकाची मांडणीविषयीची मागणी पहिल्या संदेशात ठेवून पुढे पाच-सहा प्रश्न विचारायचे आणि शेवटच्या उत्तरातही ती पाळली आहे का ते पाहायचे. उत्तर नेहमी ग्राहकाच्या खऱ्या पडद्यावर पाहायचे. विकासकाच्या खिडकीत मार्कडाउन सुरेख दिसते आणि त्यामुळे ग्राहकाकडे दिसणारे तारे-दांड्या कोणाच्या लक्षातच येत नाहीत.

चाचणीत अट वारंवार मोडत असेल तर दोष बऱ्याचदा मूळ सूचनेच्या शब्दांत सापडतो. ‘मार्कडाउन वापरू नका’ एवढ्या वाक्यावरून ती आवड आहे की अट, हे मॉडेललाच काय, माणसालाही सांगता येणार नाही. ‘मार्कडाउन वापरू नका, आमच्या अॅपमध्ये ते चिन्हांसारखे दिसते. ग्राहकाने तक्ता मागितला तर प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत द्या’ असे लिहिले की कारण कळते आणि पर्यायही ठरतो. आवड असेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिता येते: ‘सहसा परिच्छेदात लिहा, ग्राहकाने वेगळी मांडणी मागितली तर ती द्या.’ कारण लिहिलेले नसेल तेव्हा मॉडेलला अंदाजच करावा लागतो, आणि मग कोणाची सूचना जिंकली हे ग्राहकाच्या पडद्यावर उत्तर उमटल्यावरच कळते.